पाच नंबर, एकाला वीस

माझ्या आत्याला घोड्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. घोडा आणि खेचर यांतला फरक तिने सांगितला असता की नाही, मला शंका आहे. पण भाव! भावातलं तिला असं कळायचं, की मांडव्यापासून रेवसपर्यंतच्या कोळणी पापलेटाची पाटी खाली ठेवायच्या आधी आत्या कुठे उभी आहे ते बघून घ्यायच्या. ती माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर मासळी घेऊन यायची, दुपारपर्यंत विकून मोकळी व्हायची.

मी तेव्हा धक्क्याजवळच एका माल सोडवणाऱ्या दलालाच्या कचेरीत कारकून होतो. इंग्रजी लिहिता-वाचता येत होतं, त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं असं वाटायचं. स्वभाव तापट. तो अजून आहे. घरचे म्हणतात वयाबरोबर कमी झाला, पण ते माझ्यासमोर म्हणतात.

आत्याला रेसचा नाद लागला तो एका गिऱ्हाइकापायी. घोड्यांच्या तबेल्यात काम करणारा एक मोतद्दार तिच्याकडून दर रविवारी बोंबील न्यायचा आणि जाता जाता कुठला घोडा चांगला पळतोय ते सांगायचा. पहिल्यांदा तिने हसून सोडून दिलं. मग एकदा म्हणाली, "बघून तरी येऊ, तिकडे भाव कसा लावतात ते." झालं! हिवाळ्यातला प्रत्येक रविवार आम्ही सर्वांत स्वस्त तिकिटाच्या दारातून आत. पाट्या एका पानवाल्याकडे ठेवायच्या, नळावर हातपाय धुवायचे, पिशवीतलं धुतलेलं लुगडं नेसायचं आणि निघायचं. अंगाला मासळीचा वास यायचाच. शेजारचे सरकून उभे राहायचे, आम्हाला ऐसपैस जागा मिळायची.

ज्यांनी रेस बघितलेली नाही त्यांना सांगतो. तिथे परवानेवाले बुकी ओळीने उभे असतात, त्या जागेला रिंग म्हणतात. प्रत्येकाच्या मागे एक काळा फळा. फळ्यावर घोड्यांचे नंबर छापलेले आणि समोर खडूने भाव लिहिलेला. एकाला दोन म्हणजे रुपया लावला आणि घोडा पहिला आला तर दोन रुपये जिंकलात, शिवाय आपला रुपया परत. लोकांचा पैसा जसा येईल तसे भाव पुसतात, नवे लिहितात. ज्या घोड्यावर सगळ्यांचा जीव त्याचा भाव कमी, ज्याला कुणी विचारत नाही त्याचा जास्त. तुम्ही पैसे दिले, की बुकी घोडा आणि भाव मोठ्याने बोलतो, त्याचा कारकून लिहून घेतो आणि तुमच्या हातात कार्ड येतं.

आत्याला ही रिंग पाहताक्षणी पटली. "मासळीबाजारच हाय की रे ह्यो!" ती म्हणाली. आणि वागायचीही तशीच. पदर खोचून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची, एकेक फळा बघायची, पुन्हा उलटी यायची. आकडे तिला वाचता यायचे, अक्षरं नाही. पूर्ण फेरी झाल्याशिवाय गाठीचा रुपया सुटायचा नाही. मी वैतागायचो, घोडे सुटायची वेळ व्हायची, पण बाई ढिम्म.

आता होडीचं सांगायला हवं, कारण सगळं त्या होडीपायी झालं.

आत्याच्या नवऱ्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून एक होडी बांधली होती. नवरा गेला तेव्हा अर्धी आत्याची, अर्धी दिराची. गडी लावून आत्याच होडी चालवायची. वाटे ठरलेले होते, कुणाची कुरबुर नव्हती. मग दिराला मुंबईत गोदीत नोकरी लागली आणि तो म्हणाला, वहिनी, मला आता यातलं काही नको, शिमग्यापर्यंत माझा अर्धा हिस्सा तू घे, नाहीतर आख्खी विकून पैसे वाटून घेऊ. माणूस वाईट नव्हता. त्याला खोलीची पागडी भरायची होती. पण आत्याची झोप उडाली. ती होडी विकायची म्हणजे काय! नवरा होडीच्या फळ्यांना तेल चोळत असताना ती शेजारी बसायची, तेवढाच काय तो त्यांचा संसार होता. तो गेल्यावरही पावसाळ्याआधी ती स्वतः हाताने तेल लावायची आणि लावताना होडीशी बोलायची. गावात लोक हसायचे. हसू देत.

शिमगा जवळ आला तरी दिराच्या हिश्श्याचे पैसे काही जमेनात.

त्या रविवारी मोतद्दाराने पाच नंबरची घोडी सांगितली होती. शर्यत मोठी, घोडी सगळ्यांची आवडती. रिंगमध्ये जिकडे बघावं तिकडे पाच नंबरला एकाला दोन. पूर्ण फेरी मारून आत्या एवढ्याशा भावाला नाक मुरडत निघाली. तेवढ्यात गलका झाला. चार नंबरचा घोडा ऐनवेळी बाद केला, पायाला काही लागलं म्हणे. घोडा बाद झाला की सगळ्या फळेवाल्यांची घाई उडते, कारण उरलेल्या घोड्यांचे भाव बदलतात. बुकींची माणसं फडकी घेऊन पुसायला लागली आणि चारसमोर आडवी रेघ मारून बाकीचे भाव नव्याने लिहायला लागली.

एका बुकीचा फळेवाला मात्र रेघ मारायला विसरला. त्याने फळा पुसला आणि नवे भाव वरून खाली एका दमात लिहून काढले. पाचचा भाव चारसमोर, सहाचा पाचसमोर, सातचा सहासमोर. सगळी रांग एक घर वर सरकली. जो घोडा पळणारच नव्हता त्याला एकाला दोन, आणि सगळ्यांच्या आवडत्या घोडीला एकाला वीस!

मला यातलं काही दिसलं नाही. मी चणे खात होतो. आत्याने माझं मनगट असं धरलं की चणे खाली सांडले. "चल," एवढंच म्हणाली. बुकीसमोर गेली, कंबरेच्या पिशवीतून दिवसभराच्या मासळीचा गल्ला काढला आणि सगळाच्या सगळा त्याच्या हातावर ठेवला. "पाच नंबर." बुकीचं तोंड गर्दीकडे. दोन्हीकडून लोक पैसे पुढे करत होते. त्याने मान वळवून फळ्याकडे ओझरतं बघितलं आणि ओरडला, "पाच नंबर, एकाला वीस!" कारकुनाने लिहिलं. कार्ड हातात आलं. आत्याने ते चोळीत खुपसलं आणि मला ओढत कठड्यापाशी घेऊन गेली.

तिथे तिने फळा कसा सरकलाय ते कानात सांगितलं. मी बोटांवर हिशेब केला. गल्ल्याच्या वीसपट म्हणजे दिराचा अख्खा हिस्सा, वर नव्या शिडाचं कापड. "आत्या, हे असं कसं?" मी म्हटलं. "गप," ती म्हणाली. "भाव बोलला ना तो? तोंडानं बोलला ना?"

घोडी आली. कशी आली ते विचारू नका, मी डोळे मिटले होते. आत्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला कळलं.

कार्ड घेऊन गेलो तर बुकी आमची वाटच बघत होता. गोरा, जाडसर, हातात रुमाल. गुजराती वळणाचं मराठी बोलायचा. "बेन, भूल झाली. फळा चुकीचा लागला. शर्यतीच्या आधीच पुसला, तुम्हाला शोधला पण तुम्ही कुठे दिसला नाय. ही पैज रद्द. हे तुमचे पैसे." आणि गल्ला जसाच्या तसा पुढे केला.

माझं डोकंच फिरलं. "रद्द? घोडी हरली असती तर तू आम्हाला शोधत आला असतास काय रे पैसे परत द्यायला?" त्याने शांतपणे मागे खांबाला ठोकलेली पाटी दाखवली. इंग्रजीत होती. मी वाचून काढली. भाव लिहिण्यात वा बोलण्यात उघड चूक झाली असेल तर ती पैज रद्द करण्याचा वा खऱ्या भावाने चुकती करण्याचा हक्क बुकीला आहे, तंटा असल्यास रेसच्या अधिकाऱ्यांचा निर्णय अखेरचा.

मी आत्याला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग चल त्या अधिकाऱ्याकडे. पैसे घेऊ नको." हे तिने फार शहाणपणाचं केलं. पैसे परत घेतले असते तर आम्हाला रद्द मान्य आहे असाच अर्थ झाला असता. कोर्टकचेरीचं तर नावच नको, पैजेचे पैसे कोर्ट मिळवून देत नाही हे मला कचेरीत ऐकून ठाऊक होतं. काय व्हायचं ते त्या मैदानातच.

अधिकाऱ्यांची खोली जिन्याखाली होती. आत एक निवृत्त लष्करी गृहस्थ, पांढऱ्या मिशा, समोर चहा. मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी बुकीचं ऐकलं, कारकुनाचं ऐकलं, आत्याचं कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग मला म्हणाले, "हे बघा, बुकीने जास्त भाव लावला आणि मागून पस्तावला तर ती चूक नव्हे. तो त्याचा धंदा, भोगावं त्याने. पण चूक उघड हवी. बाकीच्या रिंगमध्ये एकाला दोन आणि याच्याकडे एकाला वीस. बाद झालेल्या घोड्यालाही भाव. ही उघड चूक. शर्यतीआधी ती दुरुस्तही केली."

माझं तोंड उतरलं. तेव्हा त्यांनी बोट वर केलं. "परंतु! याने नुसता फळा चुकीचा लावलेला नाही. स्वतःच्या तोंडाने तो भाव उच्चारून कार्ड दिलं आहे. समोरचं गिऱ्हाईक अजाण असेल, त्याने दुसरा फळा पाहिलाच नसेल, तर त्याला ही चूक उघड कशी? अशा वेळी मी बुकीला सहजासहजी सोडत नाही." बुकीने रुमाल कपाळावर फिरवला. "बाईंना जरा बाहेर नेऊन समजावा मी काय विचारणार आहे ते," ते मला म्हणाले. आता आठवलं की वाटतं, त्या माणसाला आम्हाला द्यायचंच होतं.

मी आत्याला बाहेर नेलं. "आत्या, ऐक. साहेब विचारतील, दुसरे फळे बघितले होते का. तू नाही म्हणायचं. एवढंच. घोडी बघितली, आवडली, समोर दिसला त्या बुकीकडे पैसे दिले. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली. देवाशपथ, कळलं म्हणाली!

आत गेलो. साहेब खुर्चीत सरसावले. अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, तुम्हाला यातलं फारसं कळत नसणार. आलात, समोर जो पहिला माणूस दिसला त्याच्याकडे पैसे देऊन मोकळ्या झालात. दुसरीकडे काय भाव चाललाय ते तुम्ही काही बघितलं नसणार. बरोबर ना?"

मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा लाल. पदर खोचला गेला. भर बाजारात तिला कुणी लबाड म्हटलं असतं तरी इतका राग आला नसता.

"मी?" ती म्हणाली. "मी काय येडी हाय का, साहेब? पहिला दिसला त्याला पैसे देयाला? तीस वर्षं मासळी इकतेय मी! आख्खा बाजार फिरल्याबिगर मेथीची जुडी घेत न्हाय! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे फळे बघितले, समद्यांकडे एकाला दोन. ह्याच्याकडेच वीस! म्हनून तर ह्याच्याकडे आले!"

बुकीने रुमाल घडी करून खिशात ठेवला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. डोक्यावर हात मारून घ्यावा तर तोही साहेबांसमोर मारता येईना.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे भाव चुकलाय हे तुम्हाला दिसलं होतं."

"दिसनार न्हाय तर काय! डोळे हायत मला." मग तिला कळलं. कळताना मी बघितलं तिला. तोंड उघडं राहिलं आणि खोचलेला पदर हळूहळू सुटून खाली आला.

निकाल झाल्यासारखाच होता. बुकी पुन्हा गल्ला पुढे करायला लागला. आणि मग मी, ज्याला पाच मिनिटांपूर्वी आत्याची मान मुरगाळावीशी वाटत होती, तो त्या बुकीवरच घसरलो. का, तर तो हसला. नुसता ओठांनी हसला, पण हसला.

"साहेब," मी म्हटलं, "फळा चुकला तो एकट्या पाचला चुकला का? सहासमोरही सातचाच भाव होता. ज्यांनी त्या फळ्यावरून सहावर पैसे लावले, सातवर लावले, आणि हरले, त्यांचे पैसे कुठे आहेत? त्यांनाही शोधून परत दिले का याने? का फक्त जिंकणाऱ्याचीच पैज चुकीची?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हा मुद्दा आहे," ते म्हणाले. कारकुनाला त्या वेळात घेतलेल्या पैजा वाचायला लावल्या. सहा नंबरवर बरीच मंडळी होती. बाहेर एकाला वीस मिळत असताना इथे बिचाऱ्यांनी एकाला आठने घेतलेला, आणि हरून घरी निघालेले. "एक काय ते ठरव," साहेब बुकीला म्हणाले. "रद्द म्हणत असशील तर त्या चुकलेल्या फळ्यावरची प्रत्येक पैज रद्द, हरलेल्यांनाही बोलावून पैसे परत. नाहीतर सगळ्यांचे त्या वेळच्या खऱ्या भावाने चुकते कर. बाईंचेही."

बुकी मनातल्या मनात हिशेब करत होता, ओठ हलत होते. हरलेल्यांचे परत करण्यापेक्षा आत्याला एकाला दोन देणं त्याला फार स्वस्त पडणार होतं. त्याने तेच निवडलं. आत्याला गल्ला आणि वर त्याच्या दुप्पट मिळाले. बाहेर येताना तो मला म्हणाला, "पोरा, नोकरी पायजे तर सांग." मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लाँचमध्ये मी आत्याला सोडलं नाही. "एक 'नाही' म्हणता येत नव्हतं तुला? एक! आपल्या आख्ख्या गावात तुझ्याइतकं खोटं बोलणारी बाई नाही! कालचे बोंबील आजचे म्हणून विकतेस तेव्हा जीभ कशी चालते?"

"ते येगळं," ती म्हणाली. "ते गिऱ्हाईक येडं असतं. हा साहेब मला येडी म्हनत व्हता."

बाजूचे चार उतारू हसायला लागले, शेवटी मीही हसलो. तीही हसली. आम्ही त्या पैशातून वाटेतच भजी खाल्ली, आणि गावात पोचेपर्यंत ती गोष्ट रंगवून सांगायची तयारीसुद्धा तिने करून ठेवली. साहेबाच्या मिशा, बुकीचा रुमाल, माझं छताकडे बघणं, सगळं. पुढे कित्येक दिवस वाळवणावर बसून बायकांना ती हे सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या. "मी काय येडी हाय का, साहेब?" हे तर पोरंसोरं एकमेकांना म्हणायला लागली.

शिमगा झाला आणि दिराने होडी विकली. ठरल्याप्रमाणे अर्धे पैसे आत्याच्या हातात आणून दिले, पाया पडला. घेणारा थळकडचा होता. भरतीला येऊन होडी घेऊन जाणार होता, म्हणून मी कचेरीतून सुट्टी काढून आलो. आत्या सकाळपासून खुशीत होती, निदान तसं दाखवत होती. न्यायला आलेल्या गड्यांना तिने चहा दिला, होडी कुठल्या अंगाला जरा ओढते ते सांगितलं, तेल कुठलं लावायचं ते सांगितलं. त्यांनी होडी पाण्यात लोटली तेव्हा तिनेही हात लावला.

शीड वर गेलं. आम्ही दोघंच किनाऱ्यावर उरलो.

"त्या दिवशी मी काय म्हनायला पायजे व्हतं रे?" तिने विचारलं.

"आता कशाला, आत्या?"

"सांग ना. तू सांगितलं व्हतं ते मी नीट ऐकलंच न्हाय."

"साहेब म्हणाले, दुसरे फळे बघितले नसतील ना. तू म्हणायचं, नाही साहेब."

तिने होडीकडे बघत मान हलवली. मग हात जोडले, त्या खोलीत जोडायला हवे होते तसे, आणि सावकाश, स्पष्ट म्हणाली, "न्हाय साहेब. म्या न्हाय बघितले."

"बस," मी म्हटलं. "झालं."

"येवढंच व्हतं?" तिने माझ्याकडे वळून विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत ती वाळूत खाली बसून रडायला लागली.